रात्रीत सुजलेला अंगठा: मार, इन्फेक्शन की गाउट?

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत सुजला. नेमकं काय झालंय हे ठरेपर्यंत मला तीन वेगवेगळी निदानं ऐकायला मिळाली, आणि गंमत म्हणजे तिन्हींना काही ना काही आधार होता. त्या रात्री मोबाइलवर शोधलं तेव्हा मराठीत सापडल्या त्या फक्त 'काय खाऊ नये' अशा याद्या. कुणाकडे जायचं, कुठली तपासणी कधी करायची, रिपोर्ट नॉर्मल आला तर त्याचा अर्थ काय, हे कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आधी माझी माहिती, कारण ती पुढे लागणार आहे. वय ५३, इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, सरकारी नोकरी. शाकाहारी, दारू नाही. डायबिटीस नाही. ब्लडप्रेशरची गोळी गेली काही वर्षं नियमित घेतो.

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, भाचीचं लग्न होतं. दिवसभर उभा, पाणी प्यायला फुरसत नाही, आणि दिसेल तेव्हा कोल्ड्रिंक. रात्री लॉनवर स्टेजच्या लोखंडी पायरीला डावा अंगठा चांगलाच आपटला. शनिवारी नखं काढताना त्याच अंगठ्याचा कोपरा जरा खोल कापला गेला आणि थोडं रक्त आलं. दोन्ही गोष्टी मी विसरूनही गेलो होतो. रविवारी संध्याकाळी राजवाड्यापर्यंत जाऊन आलो, पायाला काही नव्हतं.

त्याच रात्री अडीचच्या सुमारास जाग आली ती अंगठ्याच्या ठणक्याने. पहिल्यांदा वाटलं मुंगी चावली असेल. अर्ध्या तासात अशी अवस्था झाली की पांघरुणाचं टोक अंगठ्याला टेकलं तरी ओरडावंसं वाटे. दिवा लावून पाहिलं तर अंगठा जिथे पावलाला जोडलेला असतो तो सांधा फुगलेला, कातडी लालबुंद आणि ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर गरम. पंख्याचा वारासुद्धा नको झाला. बायको उठली, तिने पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना उशा ठेवल्या आणि त्यांच्यावरून चादर टाकली, म्हणजे चादर पायाला लागणार नाही. ही युक्ती पुढे सगळा आठवडा कामी आली.

पहाटेपर्यंत घरात तीन तट पडले होते. आईचं म्हणणं, "मुका मार आहे, परवा आपटलास ना? आंबेहळद उगाळून गरम लेप लावते." बायकोचं लक्ष नखाच्या कोपऱ्याकडे. "अहो, इथे कापलंय, यातूनच पिकलं असणार." आणि वरच्या मजल्यावरून खाली आलेला दादा एका नजरेत म्हणाला, "युरिक ॲसिड. मला चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं." म्हणजे गाउट, युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून उडणारा भडका. दादाने स्वतःची गोळी पुढे केली, ती मी घेतली नाही. त्या गोळीबद्दल पुढे सांगतो. पॅरासिटॅमॉल घेतलं, पाय उशीवर उंच ठेवला आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं धरला. आईचा लेप नको म्हटलं, कारण सांधा आधीच तापलेला होता. ती थोडी रुसली.

सोमवारी सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ताप ९९.८. त्यांनी नखाची जखम पाहिली, लाली पाहिली आणि इन्फेक्शन म्हणून ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक लिहून दिलं. फी ३०० रुपये. दुपारपर्यंत लाली पावलाच्या वरच्या भागात पसरली, तेव्हा मुलाने मला एका ऑर्थोपेडिककडे नेलं. तिथे एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या, मिळून १,६५० रुपये. एक्स-रेमध्ये हाड शाबूत, फक्त भोवतालची सूज. पांढऱ्या पेशी ११,८००, शरीरातली जळजळ दाखवणारा सीआरपी बराच वाढलेला. आणि युरिक ॲसिड ६.१. लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी मर्यादा ७.२ छापलेली, त्यामुळे आकडा नॉर्मल. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, "गाउट तो नहीं है। इन्फेक्शन का ही कोर्स पूरा कीजिए, तीन दिन बाद दिखाइए।" दादाचं तोंड उतरलं.

मला ते पटेना. इन्फेक्शन असेल तर तीन दिवस थांबायचं कसं? ऑफिसमधल्या एका मित्राच्या बायकोला संधिवात आहे, तिच्याकडून संधिवाततज्ज्ञांचं नाव मिळालं. लक्षात घ्या, आपल्याकडे सांधा सुजला की पाय आपोआप हाडांच्या डॉक्टरकडे वळतात. मार असेल तर ते बरोबर. पण मार नसताना एकच सांधा लाल आणि गरम झाला तर संधिवाततज्ज्ञ, किंवा ते नसतील तर एमडी मेडिसिन डॉक्टर लवकर गाठावेत. फोनवर अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळत होती. मी रिसेप्शनिस्टला "सांधेदुखी" न म्हणता "एक सांधा कालपासून लाल आणि गरम आहे, ताप आहे, जवळ जखम आहे" असं सांगितलं, तेव्हा तिने आत विचारून मंगळवारी सकाळी यायला सांगितलं.

मंगळवार, ११ तारीख. पाय टेकवत नव्हता, मुलाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गेलो. संधिवाततज्ज्ञ मॅडमनी अंगठ्याला हात लावण्याआधी बराच वेळ नुसतं विचारलं. केव्हा सुरू झालं? झोपताना काहीच नव्हतं का? किती वेळात शिगेला पोचलं? आपटल्यानंतर चालत होतात का?

मग त्यांनी समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो. मार लागून हाड किंवा लिगामेंट दुखावलं असेल तर सगळ्यात जास्त दुखतं ते त्याच क्षणी आणि त्यानंतरच्या काही तासांत. दोन दिवस आरामात हिंडल्यावर मध्यरात्री अचानक असा भडका उडत नाही. शिवाय काळंनिळं व्हायला हवं होतं, तेही नव्हतं. एक्स-रे साफ असल्यावर हा मुद्दा जवळपास संपला. अर्थात छोटा मारसुद्धा गाउटचा झटका सुरू करून देऊ शकतो, त्यामुळे आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

इन्फेक्शन दोन प्रकारचं असू शकतं. एक कातडीचं. त्यात लाली जखमेच्या जागेपासून पसरत जाते, पण सांधा हलक्या हाताने हलवला तर थोडा तरी हलवू देतो. दुसरं सांध्याच्या आतलं. त्यात सांधा जराही हलवू देत नाही, आणि पू कुर्चेला काही दिवसांतच कायमचं नुकसान करू शकतो. या दुसऱ्या प्रकारात कोणीही थांबू नये. अडचण अशी की गाउटचा झटकाही सांधा हलवू देत नाही, त्यातही ताप येतो, त्यातही पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढतात. म्हणजे सोमवारचे सगळे रिपोर्ट दोन्हींना सारखेच लागू पडत होते. गाउटच्या बाजूने होतं ते वेळापत्रक: काहीही नसताना रात्री सुरुवात आणि काही तासांत कळस. इन्फेक्शन साधारणपणे चढत चढत जातं, आणि थंडी वाजून ताप येणं त्यात जास्त.

रात्रीच का, हेही मी विचारलं. युरिक ॲसिडचं क्षार-रूप रक्तात विरघळलेलं असतं आणि तापमान उतरलं की त्याची विरघळण्याची क्षमता कमी होते. पायाचा अंगठा हा शरीराचा थंड भाग, रात्री तो आणखी थंड होतो. त्यात झोपेत पाणी पिणं नाही आणि शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड रात्री सगळ्यात कमी असतं. हे एकत्र आलं की सांध्यात आधीच साठलेले स्फटिक सुटतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं.

"पण माझं युरिक ॲसिड तर नॉर्मल आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, झटका चालू असताना तो आकडा पाहून काही ठरवूच नये. जळजळ चालू असताना मूत्रपिंड जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकतं आणि कित्येकांचा आकडा खाली येतो. खरा आकडा झटका पूर्ण शमल्यावर, किमान दोन आठवडे थांबून बघायचा. उलटही खरं आहे. नुसतं युरिक ॲसिड जास्त असलेल्या बहुतेकांना गाउट कधी होतच नाही. हा मुद्दा इथे मुद्दाम पसरून लिहितोय, कारण याच एका आकड्यावरून माझं निदान फिरलं होतं.

निर्णय होतो तो सांध्यातल्या पाण्यावरून. ते सुईने काढायचं, एका बाजूला त्यात जंतू शोधायचे आणि दुसऱ्या बाजूला स्फटिक. अंगठ्याचा सांधा लहान, त्यात पाणी गुडघ्यासारखं भरपूर नसतं, म्हणून सोनोग्राफी लावून जागा पाहिली. भूल देणारं इंजेक्शन आधी कातडीत दिलं, ते मात्र झोंबलं. मग नर्सने अंगठा हळूच पुढे ओढून धरला आणि बारीक सुई वरच्या बाजूने आत गेली. भीती वाटत होती तितकं दुखलं नाही. खरं सांगायचं तर आधीचा ठणका इतका होता की सुईचं काही विशेष वाटलंच नाही. सिरिंजमध्ये आलं ते जेमतेम दोन-तीन थेंब, गढूळ पिवळसर. पेशी मोजण्याइतकं ते नव्हतं, पण स्फटिक आणि जंतू पाहायला एक थेंबही पुरतो म्हणाल्या.

आता कागदपत्रांचा भाग. स्फटिक ओळखायला लागणारा पोलराइज्ड मायक्रोस्कोप प्रत्येक लॅबमध्ये नसतो. आमच्या घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर त्या मुलाला कॉम्प्युटरमध्ये या तपासणीचा कोडच सापडेना, "यूरिक एसिड का ही लगा देता हूँ" म्हणत होता. ते रक्ताचं, हे सांध्याच्या पाण्याचं, असं सांगून तिथून निघालो आणि मॅडमनी सांगितलेल्या मुख्य लॅबमध्ये मुलाने स्वतः सॅम्पल नेलं. चिठ्ठीवर 'डाव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा, पाणी, स्फटिक, ग्रॅम स्टेन, कल्चर, अँटिबायोटिकचे डोस सुरू' असं सगळं लिहून घ्या. सॅम्पल ताजं लागतं, म्हणून सुई लावण्याआधीच लॅबला फोन करून पॅथॉलॉजिस्ट हजर आहेत ना हे विचारलेलं बरं. पाणी काढण्याचे सोनोग्राफीसकट २,८००, लॅबचे १,९०० रुपये. मेडिक्लेमची कॅशलेस मंजुरी नाकारली गेली, कारण ॲडमिशन नव्हतं. नंतर क्लेम टाकून पाहिला, तोही ओपीडी म्हणून परत आला. त्यामुळे हे पैसे खिशातूनच जातील असं धरून चला.

संध्याकाळी सहाला पॅथॉलॉजिस्टनी मुलाला आत बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं आणि त्याने मोबाइलवर फोटो काढून आणला. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर बारीक टोकदार सुया, काही पिवळ्या, काही निळ्या. काही सुया पेशींच्या आत घुसलेल्या. काच फिरवली की पिवळी सुई निळी होते. सुईची दिशा आणि रंग यांच्या नात्यावरून ते युरेटचे स्फटिक आहेत हे ओळखतात. आखूड, चौकोनी स्फटिक असते आणि रंग उलटे असते, तर तो वेगळाच आजार, कॅल्शियमच्या स्फटिकांचा. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसले नाहीत.

म्हणजे गाउट. दादाने फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलं.

पण मॅडमनी अँटिबायोटिक लगेच थांबवलं नाही. स्फटिक सापडले म्हणजे जंतू नाहीतच असं होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. त्यात मी पाणी काढण्याआधीच अँटिबायोटिकचे डोस घेतलेले, त्यामुळे जंतू असूनही कल्चरमध्ये न उगवण्याची शक्यता होती. ताप आणि जखम असताना सांध्यातलं पाणी तपासायचं ठरत असेल, तर शक्यतो आधी पाणी, मग अँटिबायोटिक. आजारी माणूस हे ठरवू शकत नाही, पण पहिल्याच डॉक्टरांना विचारू शकतो.

त्यांनी डायक्लोफिनॅक मात्र त्याच दिवशी बंद केलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन करून घेतलं होतं, ते जरा जास्त, १.४ निघालं, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ते औषध मूत्रपिंडावर आणखी भार टाकतं. त्याऐवजी कोल्चिसिन, अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम आणि तासाभराने एक. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक. हे औषध झटका सुरू झाल्यापासून पहिल्या दीड दिवसात घेतलं तर जास्त चालतं, मी किंचित उशिरा पोचलो होतो. देण्याआधी त्यांनी मी घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागितली. अँटिबायोटिक क्लॅरिथ्रोमायसिन असतं तर कोल्चिसिन दिलंच नसतं म्हणाल्या, दोन्ही एकत्र घेतल्याने विषबाधेची वेळ येऊ शकते. त्यामुळे नुसती नावं आठवून सांगण्यापेक्षा पाकिटंच सोबत न्या. कोल्चिसिनने पोट बिघडतं, माझंही बिघडलं. जुलाब सुरू झाले तर आणखी गोळ्या न घेता डॉक्टरांना कळवायचं.

बुधवारी ठणका निम्मा झाला. गुरुवारी, १३ तारखेला, कल्चरचा पहिला अहवाल आला, अठ्ठेचाळीस तासांत काही उगवलं नव्हतं. नखाची जखमही सुकली होती. मग अँटिबायोटिक बंद आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ३० मिलिग्रॅम, पाच दिवस. हेच आधी का नाही दिलं, विचारलं. सांध्यात जंतू असताना स्टिरॉइड दिलं तर ते फोफावतात, म्हणून कल्चरची वाट पाहिली. शुक्रवारी सकाळी मी चप्पल घालून अंगणात गेलो. कल्चरचा शेवटचा अहवालही स्वच्छ आला. आठवडाभराने सूज उतरली तेव्हा सांध्यावरची कातडी सोलून निघाली, त्यालाही घाबरू नका.

ऑफिसला आजारपणाच्या रजेचं प्रमाणपत्र आणि रुजू होताना फिटनेस, दोन्ही लागलं. प्रमाणपत्रावर 'पायदुखी' नको, निदान लिहून घ्या. 'पायदुखी'वर आमच्या बाबूने आधी एकाची रजा अडवली होती. जिने चढायची मनाई वेगळी लिहून मागितली तर तीही देतात.

खरा उलगडा पुढच्या भेटीत, मार्चच्या सुरुवातीला झाला. युरिक ॲसिड परत केलं, ८.३. शाकाहारी, निर्व्यसनी माणसाला हे का? मॅडमनी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. टेल्मिसार्टन, आणि त्याच्याबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. इतकी वर्षं मी ती एकच गोळी समजत होतो. दुसरं औषध लघवी वाढवणारं, आणि ते शरीरात युरिक ॲसिड साठवतं. नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ते बदललं. आता लोसार्टन आणि ॲम्लोडिपिन आहे. लोसार्टन उलट थोडं युरिक ॲसिड बाहेर काढतं. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका, ब्लडप्रेशर चढलं तर त्याचं नुकसान अंगठ्याहून मोठं.

जेवणाचं म्हणाल तर मावशीने फोन करून वरण बंद करायला सांगितलं होतं. मॅडम हसल्या. डाळी, पालक, राजमा यांच्यामुळे गाउट वाढतो असं दिसत नाही, वरणभात खुशाल खा. वाढतो तो मटण, कलेजी, काही मासे, बिअर, आणि आपल्यासारख्यांसाठी साखरेचं पाणी, म्हणजे कोल्ड्रिंक आणि पाकिटातले ज्यूस. दूध-दही उलट चांगलं. पोह्यांबरोबरच्या जिलबीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, कधीतरी. पाणी भरपूर.

युरिक ॲसिड उतरवणारी रोजची गोळी, ॲलोप्युरिनॉल, मला अजून दिलेली नाही. पहिलाच झटका, क्रिएटिनिन १.२ वर आलेलं, मुतखडा नाही, आणि गोळी बदलून आकडा उतरण्याची शक्यता. मे महिन्यात ६.९ आलं. वर्षभरात दुसरा झटका आला तर १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, हळूहळू वाढवत आकडा ६ च्या खाली, आणि पहिले काही महिने सोबत थोडं कोल्चिसिन, कारण युरिक ॲसिड उतरायला लागलं की जुने स्फटिक हलतात आणि झटके येतात.

दादाची गोळी हीच, ॲलोप्युरिनॉल. तो दुखलं की दोन दिवस खातो, थांबलं की बंद. दुखणं थांबवायचा गुण तिच्यात नाही, रोज घेतली तरच ती काम करते, आणि अशी सुरू-बंद करण्याने झटके उलट वाढतात. सुरुवातीला अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांकडे पळायचं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं नाही. वहिनीने ऐकलं. तिने त्याचं क्रिएटिनिन करवून घेतलं, ते १.६ आलं, आणि येत्या मंगळवारी सकाळची मॅडमची अपॉइंटमेंट त्याच्या नावावर आहे. माझी पुढची तपासणी ऑगस्टमध्ये.